कर्णावरची सहा घरं

दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता हे पाचवं प्रकरण. माझ्या शिकवणीत ते दिवाळीच्या सुट्टीनंतर येतं, आणि दरवर्षी एकाच ठिकाणी अडकतं: दोन फासे. एक फासा, एक नाणं, पिशवीतले चेंडू, इथपर्यंत पोरं झपाझप उत्तरं देतात. दोन फासे आले की वहीत नमुना अवकाश लिहायला बसतात, (१,१), (१,२) करत तिसऱ्या ओळीपर्यंत येतात, मग तीन टिंबं देऊन थेट (६,६). मधल्या टिंबांत काय काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. मग बेरीज ९ येण्याच्या जोड्या मोजताना एखादा तीन मोजतो, एखादी पाच.

गेल्या वर्षी ठरवलं की बाजारातल्या सरावसंचाच्या नादी लागायचं नाही. स्वतःचीच एक सरावपत्रिका करायची आणि प्रत्येक उत्तर तक्त्यातून काढून दाखवायचं. टिंबं बंद. प्रश्न फासे, नाणी आणि पत्ते या तिघांवरच ठेवायचे, म्हणजे तीच रीत तिन्हीकडे कशी चालते हे दिसेल. एका रविवारी दुपारी भाकरी-चटणी खाऊन संगणकापुढे बसले. वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल. तीन आठवडे लागले.

पहिला तक्ता दोन फाशांचा. वर आडवे एक ते सहा, डावीकडे उभे एक ते सहा, आतल्या घरांत बेरीज.

| पांढरा ↓ लाल → | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ |
| २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
| ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ |
| ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० |
| ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ |
| ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ | १२ |

एकदा हा कागदावर आला की अर्धे प्रश्न नुसते बोट फिरवून सुटतात. बेरीज ९ तिरक्या रेषेत चार घरांत दिसते, म्हणून ४/३६. बेरीज निदान १० म्हटलं की उजवीकडचा खालचा कोपरा, तीन अधिक दोन अधिक एक, सहा घरं. मुलांना ही तिरकी रांग फार आवडते. सात मधोमध सर्वात लांब, सहा घरांची, आणि दोन्ही बाजूंना एकेक घर कमी होत जातं.

छपाईत मात्र फजिती झाली. अनुकूल घरं उठून दिसावीत म्हणून मी त्यांना करड्या रंगाची छटा दिली होती. पडद्यावर छान दिसत होती. झेरॉक्स काढल्यावर ती घरं काळीठिक्कर पडली आणि आतले आकडेच गेले. चाळीस प्रती वाया. तेव्हापासून छटा नाही, पेनानं काढल्यासारखं साधं वर्तुळ. लाल फाशाचा लाल रंगसुद्धा झेरॉक्समध्ये काळाच येतो, त्यामुळे 'लाल' आणि 'पांढरा' हे शब्दच मथळ्यात लिहायचे.

दुसरी चूक माझीच, आणि जरा लाज वाटावी अशी. चौथा प्रश्न होता: दोन्हींपैकी निदान एका फाशावर ६ येण्याची संभाव्यता काढा. घाईत मी उत्तरात १२/३६ लिहून ठेवलं. शेवटची ओळ सहा, शेवटचा रकाना सहा, झाले बारा. अंबिका म्हणून एक मुलगी आहे, बोलते कमी, मोजते नीट. ती कागद घेऊन आली. "मॅडम, मला अकराच मिळायलेत." ओळीतलं शेवटचं घर आणि रकान्यातलं शेवटचं घर एकच, (६,६), आणि ते मी दोनदा धरलं होतं. सूत्रातून करताना ही चूक सहज लपते. तक्त्यात वर्तुळं काढली की एकाच घरावर दोन वर्तुळं येतात आणि लगेच दिसतं. मी उत्तर खोडून ११/३६ केलं आणि ती खोडाखोड मुद्दाम तशीच ठेवली.

आता मुख्य गोष्ट. पत्रिका वाटल्यावर पहिल्याच तासाला श्रीनिवास उभा राहिला. त्याच्या वडिलांचा शहराच्या पूर्व भागात टॉवेलचा यंत्रमाग आहे. पोरगा हिशोबाला पक्का आणि वादाला त्याहून पक्का. म्हणाला, "मॅडम, तीन-चार अन् चार-तीन हे एकच की ओ. खेळताना कोण बघतंय कुठल्या फाशावर काय आलं? मग घरं छत्तीस कशी? एकवीसच होतात."

त्यानं मोजलंही बरोबर होतं. वेगवेगळ्या आकड्यांच्या जोड्या पंधरा, दोन्हींवर एकच आकडा असे डबल सहा, एकूण एकवीस. पुस्तकात 'क्रमित जोड्या' असा शब्द आहे, पण क्रम का धरायचा ते सांगितलं नसलं की पोरं ते नियम म्हणून पाठ करतात. श्रीनिवास पाठ करणाऱ्यातला नाही.

मी त्याला सांगितलं की तू चांगल्या माणसाच्या पंगतीला बसलास. कलनशास्त्र उभं करणाऱ्या दोघांपैकी एक, लायब्निझ, यानं १७१४ च्या एका पत्रात हेच लिहिलंय: दोन फाशांत बारा पडणं आणि अकरा पडणं सारखंच सोपं, कारण दोन्ही एकाच रीतीनं होतात. बारा म्हणजे सहा-सहा, अकरा म्हणजे पाच-सहा. आपल्या तक्त्यात मात्र बाराचं घर एक आणि अकराची घरं दोन. पोरगा खूश झाला. पण खूश होणं आणि पटणं यात फरक आहे.

पटवायला फासे टाकायलाच हवे होते. मुद्दा असा की कुठली घटना मोजायची? बेरीज ७ मोजली असती तर पंचाईत झाली असती. छत्तीसच्या हिशोबानं ७ येण्याची संभाव्यता ६/३६, एकवीसच्या हिशोबानं ३/२१. म्हणजे ३६० वेळा टाकले तर साठ आणि साधारण एक्कावन्न. एवढ्या जवळच्या आकड्यांत निकाल लागत नाही, दहाएक इकडेतिकडे नशिबानंच होतात. डबलचं तसं नाही. छत्तीसच्या हिशोबानं डबल ६/३६, म्हणजे ३६० पैकी साठ. श्रीनिवासच्या हिशोबानं ६/२१, म्हणजे एकशे तीन. इथं दोघांपैकी कुणाचं तरी तोंड पडणारच.

नऊ जोड्या केल्या, प्रत्येक जोडीनं चाळीस वेळा दोन फासे टाकायचे. फासे मी दोन रंगांचे घेतले होते. फक्त श्रीनिवासच्या जोडीला दोन्ही पांढरे दिले, कारण त्याची तक्रारच ती होती. लुडोच्या जुन्या डब्यातला एक फासा कोपऱ्याला उडालेला निघाला, तो बाजूला काढला. सगळी घरं सारख्या वजनाची आहेत हे आपण गृहीत धरतो, ते झिजलेल्या फाशाला लागू नाही. अर्धा तास वर्गात नुसता खडखडाट. खालून सासूबाईंनी दोनदा विचारलं, काय चाललंय वर.

फळ्यावर बेरीज केली. डबल सत्तावन्न.

श्रीनिवास थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे रंग सारखा असला तरी फाशाला काय कळतंय." मी त्याला तक्त्यावर बोट ठेवायला सांगितलं. पांढऱ्याची तिसरी ओळ, लालचा चौथा रकाना. आता चौथी ओळ, तिसरा रकाना. तो म्हणाला, "मागावर पण असंच. उभ्यातला तिसरा धागा अन् आडव्यातला चौथा जिथं भेटतात ती गाठ वेगळी, उलटं केलं तर ती वेगळी." उदाहरण माझ्यापेक्षा बरं होतं. पुढच्या प्रतीत ते घातलं.

नाण्यांचा भाग त्यामानानं पटकन झाला. छापा म्हणजे सिंहांची बाजू हे आधी ठरवून घेतलं, नाहीतर त्यावरच दहा मिनिटं जातात. दोन नाण्यांचा तक्ता दोन बाय दोनचा. एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं घेतलं की (छापा, काटा) आणि (काटा, छापा) वेगळे आहेत याबद्दल कुणी भांडत नाही. अडचण तीन नाण्यांची. तक्त्याला दोनच बाजू असतात, तिसरं नाणं बसवायचं कुठं? मी आधी झाडासारख्या फांद्या काढल्या होत्या, पण मग एका पत्रिकेत दोन रीती झाल्या. शेवटी सुचलं की पहिल्या दोन नाण्यांच्या चार निष्पत्ती डावीकडे ओळींना द्यायच्या आणि तिसरं नाणं वर दोन रकान्यांत. चार गुणिले दोन, आठ घरं. नेमके दोन छापे तीन घरांत सापडतात, ३/८. चार नाणी असती तर दोन-दोनच्या जोड्या दोन्ही बाजूंना लावून सोळा घरं. त्यापुढे तक्ता कागदावर मावत नाही आणि मावला तरी उपयोगाचा नाही.

पत्त्यांशी मात्र वेगळीच कुस्ती. अर्ध्या मुलांनी पत्त्यांचा कॅट कधी हातात धरलेला नव्हता. उरलेल्या अर्ध्यांना तो जरा जास्तच माहीत होता. एका आईचा फोन आला, "मॅडम, पोराच्या दप्तरात पत्ते सापडायलेत. तो म्हणतोय तुम्हीच आणायला सांगितलंव." खरं होतं. समजावून सांगितलं, पण दुसऱ्या दिवसापासून कॅट माझ्या कपाटात.

म्हणून पत्त्यांच्या प्रश्नांआधी सबंध कॅटच तक्ता म्हणून छापला. चार ओळी: बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. तेरा रकाने: एक्का, दोन ते दहा, गुलाम, राणी, राजा. बावन्न घरं. लाल पत्ते म्हटलं की वरच्या दोन ओळी, चित्रयुक्त पत्ते म्हटलं की शेवटचे तीन रकाने, बारा घरं. एक्का चित्रयुक्त धरायचा नाही हे स्वतंत्र ओळीत लिहावं लागलं, कारण बऱ्याच कॅटांत इस्पिकच्या एक्क्यावर एवढी मोठी नक्षी असते की पोरांना तोच सगळ्यात 'चित्राचा' वाटतो. 'राजा किंवा बदाम' या प्रश्नात पुन्हा तेच कोपऱ्याचं घर. बदामची ओळ तेरा, राजाचा रकाना चार, पण बदामचा राजा दोन्हीकडे. सोळा घरं, १६/५२, म्हणजे ४/१३. पंचवीसपैकी वीस जणांनी बरोबर लिहिलं. बाराचं अकरा झालेलं त्यांनी पाहिलं होतं ना.

शेवटी एक तारांकित प्रश्न घातला, परीक्षेच्या बाहेरचा. चारच पत्ते घ्या: बदामचा राजा, बदामची राणी, इस्पिकचा राजा, इस्पिकची राणी. पिसून एकामागून एक दोन काढा, पहिला परत ठेवायचा नाही. दोन्ही एकाच रंगाचे येण्याची संभाव्यता किती? वर्गात विचारलं तर सगळे एका सुरात: निम्मी. तक्ता असा होतो:

| पहिला ↓ दुसरा → | ब. राजा | ब. राणी | इ. राजा | इ. राणी |
|---|---|---|---|---|
| ब. राजा | नाही | लाल | वेगळे | वेगळे |
| ब. राणी | लाल | नाही | वेगळे | वेगळे |
| इ. राजा | वेगळे | वेगळे | नाही | काळे |
| इ. राणी | वेगळे | वेगळे | काळे | नाही |

कर्णावरची चार घरं बाद, कारण बदामचा राजा काढून पुन्हा तोच काढता येत नाही. उरली बारा, त्यांतली चार एका रंगाची. ४/१२, म्हणजे १/३. पत्ता परत ठेवला असता तर कर्ण भरला असता आणि ८/१६, निम्मी, हेच उत्तर आलं असतं. सबंध कॅटात दोन पत्ते काढले तर हीच गोष्ट २५/५१ होते, निम्म्यापेक्षा किंचित कमी. पत्ते चारच घेतले म्हणून फरक डोळ्यांत भरतो.

तास संपत आला होता. अंबिका कागद घेऊन टेबलाशी आली.

"मॅडम, मी क्रम धरलाच नाही. दोन पत्ते एकदम उचलले असं धरलं. जोड्या सहाच होतात, त्यातल्या दोन एका रंगाच्या. दोन भागिले सहा, एक तृतीयांशच आलं."

"बरोबर आहे."

"मग श्रीनिवासचं एकवीस चूक का?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'फाशात क्रम धरायचा, पत्त्यात नाही धरला तरी चालतो' हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय, पण का ते कधी कुणी विचारलं नव्हतं. उद्या सांगते म्हटलं.

रात्री भांडी आवरून दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. उत्तर समोरच होतं, कर्णावर. पत्त्यांच्या तक्त्यात क्रम सोडायचा म्हणजे कर्णाच्या एका बाजूची घरं दुसऱ्या बाजूवर घडी घालायची. प्रत्येक जोडी दोन घरांची बनते, एकही सुटत नाही, कारण कर्ण रिकामा आहे. बारा घरांच्या सहा जोड्या, सगळ्या सारख्या वजनाच्या. वर-खाली दोनानं भाग गेला इतकंच. फाशांचा तक्ता घडी घातला तर? पंधरा जोड्यांत दोन-दोन घरं जातात, तीस झाली. कर्णावरची सहा घरं मात्र घडीच्या रेषेवरच राहतात, एकेकटी. श्रीनिवासच्या एकवीसपैकी पंधरा निष्पत्ती दुप्पट वजनाच्या आणि सहा एकपट. एकवीस मोजण्यात त्याची चूक नव्हतीच. त्या सगळ्यांना सारखं धरून एकवीसनं भागलं, तिथं घोटाळा झाला. आणि चुकीच्या हिशोबात डबलच का फुगले, सात तेवढं का बिघडलं नाही, याचंही कारण तेच. नाण्यांतही तसंच, कर्णावर (छापा, छापा) आणि (काटा, काटा).

दुसऱ्या दिवशी वर्गात शब्द फार वापरले नाहीत. प्रत्येकाला तक्त्याचा कागद कर्णावर घडी घालून खिडकीच्या उजेडात धरायला लावला. फाशांच्या कागदावर ७ वर ७ येऊन बसतो, ९ वर ९, आणि घडीवर २, ४, ६, ८, १०, १२ एकटे. पत्त्यांच्या कागदावर घडीवर फक्त 'नाही, नाही, नाही, नाही'. नवीन प्रतीत मी दोन्ही तक्त्यांच्या कर्णावर तुटक रेषा आखली आणि 'इथं घडी घाला' असं लिहिलं. घरं नीट चौरस असायला हवीत, हेही तेव्हाच कळलं. रकाने रुंद आणि ओळी बुटक्या राहिल्या तर घडीवर घरं जुळत नाहीत. प्रत्येक घराची उंची-रुंदी सव्वा सेंटिमीटर करून घेतली तेव्हा जमलं.

आठवड्यानं मी सांगितलं की प्रत्येकानं एक प्रश्न स्वतः तयार करून आणा, चांगला असेल तर पत्रिकेत जाईल. बहुतेकांनी पुस्तकातलेच आकडे बदलून आणले. अंबिकाचा असा होता: 'दोन फासे टाका. डबल पडला तर तो डाव धरायचा नाही, परत टाकायचे. आता बेरीज ७ येण्याची संभाव्यता किती?' खाली कंसात लिहिलं होतं, 'क्रम धरून पण करा, न धरता पण करा.'

श्रीनिवासनं कागद तिच्या हातातून घेतला, कर्णावर सहा फुल्या मारल्या, मोजलं आणि माझ्याकडे बघून हसला. क्रम धरून ६/३०. न धरता ३/१५. तो सोळावा प्रश्न.